गरोदरपणात ज्येष्ठमध आणि कोरफड का टाळावी?

खोकला झाला की ज्येष्ठमधाची काडी, पोट साफ होत नसलं की कोरफड, हे घरोघरी चालतं. गरोदर बाईने मात्र दोन्ही पोटात घेऊ नये.

ज्येष्ठमधाची गोडी ग्लायसिरायझिन या घटकामुळे असते. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बाळापर्यंत जास्त पोहोचू नये म्हणून वारेतलं एक विकर ते निष्प्रभ करतं. ग्लायसिरायझिन नेमकं त्याच विकराला अडवतं. फिनलंडमधल्या एका अभ्यासात, गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून अधिक ग्लायसिरायझिन घेतलेल्या मातांची मुलं पुढे बुद्धिमापन चाचणीत मागे पडलेली दिसली.

हेच विकर आईच्या मूत्रपिंडातही असतं. ते अडलं की अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. समजा, सातव्या महिन्यातली सून दोन आठवडे रोज दोनदा ज्येष्ठमधाचा काढा घेतेय. पाय सुजलेत, डोकं दुखतंय. ‘गरोदरपणात सूज येतेच’ म्हणून सोडून देऊ नये. काढा बंद करून त्याच दिवशी रक्तदाब तपासावा आणि डॉक्टरांना काढ्याचं सांगावं. काढा थांबवला तरी परिणाम लगेच ओसरत नाही.

कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जहाल रेचक आहे. त्याने आतड्याला पीळ पडतो, गर्भाशयातही कळा येऊ शकतात. घरी गर काढताना चीक त्यात उतरतोच. अंगावर पाजणाऱ्या आईनेही तो घेऊ नये. बाळाला जुलाब होऊ शकतात. कातडीवर गर लावायला हरकत नाही, पण स्तनाग्राला लावला असेल तर पाजण्याआधी धुवावं.