पोट साफ होत नाही? इसबगोल, प्रून ज्यूस आणि कोमट पाणी : कोण काय काम करतं, कुठं कमी पडतं

एक दिवस शौचाला झाली नाही म्हणजे लगेच बद्धकोष्ठ झाला असं होत नाही. आठवड्यातून तीन वेळांपेक्षा कमी होत असेल, खडा होत असेल, जोर करावा लागत असेल किंवा जाऊन आल्यावरही पोट मोकळं वाटत नसेल, तर त्याला बद्धकोष्ठता म्हणतात. अशा वेळी गावात तीनच सल्ले मिळतात. सकाळी कोमट पाणी पी, रात्री इसबगोल घे, आणि हल्ली मोबाईलवर बघून प्रूनचा ज्यूस पी. तिघांचं काम एकसारखं नाही. म्हणून एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला उलटा पडतो.

आधी आतड्यात काय होतं ते समजून घेऊ. मोठं आतडं अन्नाच्या चोथ्यातलं पाणी शोषून घेतं. चोथा तिथं जितका जास्त वेळ थांबेल तितका तो कोरडा होतो. म्हणजे मल मऊ राहायला त्यात पाणी टिकलं पाहिजे आणि तो पुढेही सरकला पाहिजे.

इसबगोल म्हणजे एका छोट्या बियांच्या पिकाची साल. हे पीक गुजरात आणि राजस्थानात मोठ्या प्रमाणावर घेतलं जातं. ही साल पचत नाही, पण पाण्यात टाकली की फुगून बुळबुळीत होते. आतड्यात ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे मल मऊ आणि मोठा होतो. मल मोठा झाला की आतड्याला ताण कळतो आणि ते त्याला पुढे ढकलतं. जुलाबात दह्यासोबत इसबगोल देतात आणि बद्धकोष्ठातही तेच देतात, याचं अनेकांना नवल वाटतं. त्यात चूक काही नाही. जास्तीचं पाणी असेल तर ही साल ते धरते, कमी असेल तर आहे ते सुटू देत नाही.

पण पाणीच नसेल तर ती धरणार काय? इथंच बहुतेकांचं बिघडतं. पुष्कळ जण दोन चमचे साल अर्ध्या कप दुधात कालवून घेतात आणि तसेच झोपतात. मग पोट गच्च होतं, गॅस होतो आणि खडा तसाच राहतो. बरोबर पद्धत अशी : पहिले चार-पाच दिवस रोज फक्त एक लहान चमचा साल मोठ्या ग्लासभर पाण्यात, म्हणजे साधारण २५० मिली पाण्यात, ढवळून लगेच प्यायची. घट्ट होईपर्यंत थांबायचं नाही. वरून आणखी एक ग्लास पाणी प्यायचं. त्रास झाला नाही तर दोन चमच्यांपर्यंत वाढवायचं. झोपण्याच्या अगदी आधी घेण्यापेक्षा संध्याकाळच्या जेवणाच्या आसपास घेतलेलं बरं. कोरडी भुकटी तोंडात टाकून वर घोट घेणं धोक्याचं, कारण ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकते. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी ती घेऊच नये.

इसबगोल तासाभरात काम करत नाही. फरक पडायला १२ तासांपासून तीन दिवसांपर्यंत लागतात. एका रात्रीत पोट साफ झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी डबल डोस घेऊ नये. बाजारातल्या काही चूर्णांत सोनामुखी असते, तिच्यामुळे सकाळी लवकर जोर येतो. ते चूर्ण आणि साधी इसबगोल एकच समजू नये, पाकिटामागची यादी वाचावी.

आता प्रून. हे सुकवलेलं आलुबुखार. यात सॉर्बिटॉल नावाची साखरेसारखी वस्तू असते, ती आतड्यात पुरती शोषली जात नाही. न शोषलेलं सॉर्बिटॉल पाणी आतड्याकडे ओढतं आणि मल सैल होतो. म्हणून इसबगोल आतलं पाणी धरून ठेवते, तर प्रून आतड्यात पाणी आणतं. अमेरिकेत २०११ साली छापल्या गेलेल्या एका अभ्यासात ४० बद्धकोष्ठाच्या रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. दिवसातून दोनदा ५० ग्रॅम सुकं प्रून खाल्लेल्यांना इसबगोलपेक्षा जास्त फायदा झाला. मात्र तिथं सुकं फळ खाल्लं होतं, ज्यूस नव्हे. ज्यूस गाळला की बराचसा चोथा निघून जातो, सॉर्बिटॉलही सुक्या फळापेक्षा कमी असतं, आणि साखर मात्र राहते. म्हणून ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी पाच-सहा सुकी प्रून रात्री पाण्यात भिजवून, पाण्यासकट खाल्लेली जास्त कामाची. महाग वाटली तर सोडून द्यावं, त्यावाचून अडत नाही.

प्रूनचा तोटा म्हणजे गॅस, पोटात मुरडा आणि जास्त झालं की जुलाब. शुगर असलेल्यांनी ज्यूस टाळावा. यात पोटॅशियमही भरपूर असतं, म्हणून किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रून किंवा त्याचा ज्यूस घेऊ नये.

कोमट पाण्याबद्दल जास्तच गैरसमज आहेत. पाणी पोटात गेलं की ते आतड्यातल्या खड्यापर्यंत धावत जाऊन त्याला विरघळवतं असं नाही. बहुतेक पाणी लहान आतड्यातच शोषलं जातं आणि जास्तीचं लघवीवाटे जातं. मग सकाळी फायदा कशानं होतो? रिकाम्या पोटात काही गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि ही हालचाल सकाळी जास्त असते. म्हणून पाणी पिऊन थोड्या वेळानं शौचाला जाऊन बसावं, कळ आली की दाबून ठेवू नये. उन्हाळ्यात शेतात घाम गाळणाऱ्यांना आणि रानात सोय नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या बायांना पाणी वाढवल्यानं खरोखर फरक पडतो. जो आधीच पुरेसं पितो त्याला नुसत्या आणखी दोन ग्लासांनी फारसं काही होत नाही.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या एक मावशी, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू, दिवसभर कांद्याच्या खुरपणीत, पाणी जेमतेम दोन-तीन तांबे. खडा होतो म्हणून रात्री थोड्याशा पाण्यात इसबगोल घेतात. त्यांच्या बाबतीत कारणं दोन आहेत : लोहाच्या गोळीनं बद्धकोष्ठ होतो, आणि अंगात पाणी कमी. त्यांनी आधी शेतात पाण्याची बाटली न्यावी आणि दिवसभर थोडं थोडं प्यावं. इसबगोल संध्याकाळी एक चमचा, भरपूर पाण्यात. लोहाची गोळी आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळीचं औषध अंगी लागत नाही. थायरॉइड किंवा इतर रोजच्या गोळ्यांनाही अंतर लागतं, किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. लोहाची गोळी मनानं बंद करू नये, गोळी बदलून मिळते का ते आशाताई किंवा डॉक्टरांना विचारावं.

आठवडाभर हे करूनही फरक नाही, तर पुढचं बघावं लागतं. म्हाताऱ्या माणसाच्या गुदद्वाराजवळ कडक गोळा अडकला असेल तर कधी कधी त्याच्या बाजूनं पातळ मल झिरपतो आणि घरच्यांना जुलाब लागलेत असं वाटतं. अशा वेळी इसबगोल वरून आणखी भर घालते आणि अडथळा वाढतो. तिथं एनिमा किंवा दवाखान्यातला उपाय लागतो. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतायत, तर तिन्हीपैकी काहीही न देता तातडीनं दवाखाना गाठावा. मलात रक्त येणं, वजन उतरणं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलणं, यात घरगुती उपायात आठवडे घालवू नयेत, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.