रांग यार्डात तयार होत नाही

साखर कारखान्याच्या केनयार्डाबद्दल एक समज पक्का बसला आहे, आणि तो अडाण्यांचा नाही. संचालक, शेतकी विभागाचे अधिकारी, वाहतूकदार हे सगळे तो बाळगून असतात. त्याचे दोन भाग आहेत. पहिला असा की यार्ड भरलेलं असलं की गाळप जोरात चालतं, म्हणून भरलेलं यार्ड ही कारखान्याच्या तब्येतीची खूण. दुसरा असा की गाड्या फाटकाबाहेर रस्त्यावर येऊ लागल्या तर जागा कमी पडते, म्हणून यार्ड वाढवावं. वार्षिक सभेत यार्डाच्या विस्ताराचा ठराव येतो तो याच विचारातून.

या समजाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ऊसतोड दिवसा होते. टोळी पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधते, दुपारपासून गाड्या भरल्या जातात आणि संध्याकाळी, रात्री कारखान्यावर पोहोचतात. गव्हाण मात्र चोवीस तास चालते. रात्री उशिरा आणि सकाळी तिला ऊस हवा असेल तर तो यार्डात उभा असायलाच हवा. नाहीतर ‘नो केन’चा शेरा पडतो, मिल थांबते, बॉयलरची वाफ वाया जाते. त्यामुळे यार्डात साठा असावा यात वाद नाही. वाद किती असावा याचा आहे, आणि तिथेच हा समज फसतो.

हिशेबासाठी एक कल्पित कारखाना घेऊ. तो तासाला २०० टन ऊस गाळतो आणि प्रत्येक गाडीत २० टन ऊस येतो. म्हणजे तासाला १० गाड्या रिकाम्या होतात, दिवसाला २४०. यार्डात दिवसरात्र मिळून सरासरी १२० गाड्या उभ्या असतात. तर एक गाडी सरासरी किती वेळ अडकते? १२० भागिले १०, म्हणजे १२ तास. यासाठी एकाही चालकाला विचारावं लागलं नाही.

हा भागाकार म्हणजेच लिटलचा नियम: L = λW. L म्हणजे आत असलेल्यांची सरासरी संख्या, λ म्हणजे दर तासाला येणारे, आणि W म्हणजे प्रत्येकाने आत काढलेला सरासरी वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. सूत्र त्याआधीही वापरात होतं, पण सर्वसाधारण सिद्धतेशिवाय.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. गाड्या काय शिस्तीत येतात? संध्याकाळी झुंबड, सकाळी शुकशुकाट, त्यात वशिल्याच्या गाड्या मध्येच पुढे जातात. असल्या गोंधळाला कसलं सूत्र लागू होणार? आक्षेप रास्त वाटतो, पण तो नियमाचा पाया कुठे आहे हे न पाहता घेतलेला आहे. शॅलर स्टिडहॅम यांनी १९७४ साली दिलेल्या सिद्धतेत येण्याच्या क्रमाबद्दल काही गृहीतच धरावं लागत नाही. दीर्घकाळाच्या सरासऱ्या ठरलेल्या आकड्यांशी स्थिरावत असल्या की पुरे. त्यामागची कल्पना पाच गाड्यांवर दाखवता येते.

सकाळी ६ ते दुपारी ४, असे दहा तास धरू. पहिली गाडी ६ ते ८ यार्डात होती, दुसरी ६ ते ९, तिसरी ७ ते १२, चौथी १० ते २ आणि पाचवी १० ते ४. प्रत्येकीचे तास २, ३, ५, ४ आणि ६, बेरीज २०. आता हीच बेरीज दुसरीकडून करा. दर तासाला यार्डात किती गाड्या होत्या ते मोजा: २, ३, २, १, ३, ३, २, २, १, १. बेरीज पुन्हा २०. आडवी मोजली काय आणि उभी मोजली काय, गाडी-तासांची रक्कम एकच. तिला पाचने भागलं की गाडीमागे ४ तास, दहाने भागलं की यार्डात सरासरी २ गाड्या, आणि येण्याचा वेग तासाला अर्धी गाडी. अर्धा गुणिले ४ बरोबर २. यात योगायोगाला जागाच नाही.

वशिल्याचंही पाहू. चौथी गाडी ओळखीने पुढे घुसली, १२ वाजताच रिकामी झाली, आणि तिसरी २ वाजेपर्यंत ताटकळली असं समजा. तिसरीचे ५चे ७ तास झाले, चौथीचे ४चे २ झाले. दोघींची बेरीज आधीही ९ होती, आताही ९. सरासरी जागची हलली नाही. ‘पुढाऱ्यांच्या गाड्या मध्ये घुसतात म्हणून यार्ड तुंबतं’ हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. अन्याय खरा आहे, तिसऱ्या गाडीवाल्याचा संताप तर त्याहून खरा, पण तुंबण्याचं कारण ते नव्हे.

आता मूळ प्रश्न. गव्हाणीला रात्रभर ऊस पुरवायला साठा किती लागतो? गाड्या बारा तासांत येतात असं धरू. दिवसाच्या २४० गाड्या बारा तासांत, म्हणजे तासाला २०. गव्हाण तासाला १० घेते. यार्डात दर तासाला १० गाड्या साचतात, बारा तासांनी १२० होतात आणि पुढच्या बारा तासांत त्या शून्यावर येतात. शिगेला १२०, तळाला शून्य, सरासरी ६०. म्हणजे दिवसाच्या तोडणीमुळे जी अटळ वाट पाहावी लागते ती ६० भागिले १०, फक्त सहा तासांची.

आपल्या कारखान्यात मात्र सरासरीच १२० आहे. याचा अर्थ शिगेला १८० गाड्या आणि तळाला ६०. दिवसातल्या सगळ्यात रिकाम्या क्षणीही ६० गाड्या, १२०० टन ऊस, काही उपयोग नसताना उभा आहे. समजाची चूक इथे हाती लागते: शिगेला १२० गाड्या लागतात हे बरोबर, पण लोक ती शीग सरासरी म्हणून डोक्यात ठेवतात. यार्ड पाहायला जाणारा माणूसही बहुतेक रात्री, गर्दीच्या वेळीच जातो. मोजायचंच असेल तर नव्या गाड्या यायला लागण्याच्या थोडं आधी, यार्ड सर्वांत ओसाड असताना मोजावं. तेव्हा वीसेक गाड्या दिसल्या तर ती शहाणपणाची शिल्लक. साठ दिसल्या तर तो वाळत चाललेला ऊस आहे. तोडलेल्या उसाचं वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो; पहिलं नुकसान शेतकऱ्याचं, दुसरं कारखान्याचं.

मग यार्ड मोठं केलं तर? काहीच होत नाही. रस्त्यावरच्या गाड्या आत येतात. गाड्या तेवढ्याच, गव्हाणीचा वेग तोच, म्हणून वाटही तेवढीच. वेळ वाढल्याचा भास मात्र होऊ शकतो, कारण नोंद फाटकापासून सुरू होते. फाटकाच्या नोंदीत वेळ आठ तास दिसत असेल आणि चालक बारा सांगत असतील, तर दोघांपैकी कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. तासाला १० गाड्या आणि चार तासांचा फरक, म्हणजे ४० गाड्या फाटकाबाहेर उभ्या आहेत. कुंपण कुठे धरलं ते आधी ठरवावं, मग संख्या आणि वेळ दोन्ही त्याच कुंपणाच्या आतले घ्यावेत.

या साठ फाजील गाड्या येतात कुठून? यासाठी कुंपण आणखी मोठं करू: यार्ड, रस्ता आणि फड मिळून एकच यार्ड समजू. गाडी रिकामी होऊन निघते, फडात जाते, भरते, परत येते. याला सरासरी १२ तास लागतात असं धरा. यार्डातले १२ मिळवले की फेरी २४ तासांची. नियम पुन्हा लावा: १० गुणिले २४, म्हणजे २४० गाड्या. हंगामापूर्वी उचल देऊन ज्यांच्याशी करार केले त्यांपैकी धावत असलेल्या गाड्यांचा हा आकडा आहे. गव्हाणीचा वेग ठरलेला, गाड्यांचा आकडा ठरलेला, म्हणजे फेरीचा वेळही ठरला. रांग यार्डात दिसते खरी, पण ती तयार झाली करार करतानाच.

याचा एक परिणाम अनेकांना पटत नाही. समजा, फडातले रस्ते सुधारले, भरणी लवकर होऊ लागली आणि बाहेरचे १२ तास १० वर आले. वाहतूकदाराला वाटेल, दोन तास वाचले. वाचले नाहीत. फेरी २४ तासांचीच राहणार, म्हणून ते दोन तास यार्डात जाऊन पडतील: तिथली वाट १४ तास, उभ्या गाड्या १४०. गव्हाण हाच अडसर असेल तर इतरत्र केलेली घाई रांगेतच जिरते.

उलट गाड्या २०० केल्या तर फेरी २० तासांची, यार्डातली वाट ८ तास, सरासरी ८० गाड्या आणि तळाला वीसची शिल्लक. गाळप तेवढंच. वाहतूकदाराच्या पाच दिवसांत पाचऐवजी सहा खेपा होतात. पण हा धागा ताणत नेता येत नाही. १८० गाड्यांवर फेरी १८ तासांची होते आणि तळ शून्याला टेकतो. त्याखाली गेलं की गव्हाण उपाशी राहते, तासाला १० हा आकडाच खाली येतो आणि वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. नियम तीन राशींचं नातं सांगतो. एक हलवली तर उरलेल्या दोहोंपैकी कोणती हलेल हे तो सांगत नाही. ते अडसर कुठे आहे यावर ठरतं. गाड्या अर्ध्या केल्या की वेळ अर्धा होईल, असं नियमाच्या नावावर सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शेतकी विभागाकडे यावर शेवटचं उत्तर असतं, आणि ते वजनदार आहे. उचल घेऊन टोळ्या पळतात, मुकादम फोन उचलत नाही, म्हणून २०० लागत असताना २४० चे करार करावे लागतात. मान्य. चाळीस खरोखर पळाल्या तर उरलेल्या बरोबर पुरतात. प्रश्न त्या न पळाल्या तर काय करायचं हा आहे. करार मोडता येत नाहीत आणि २४० गाड्यांची फेरी २४ तासांचीच राहणार. पण फेरीतला जादा वेळ गाडीने कुठे घालवावा हे मात्र ठरवता येतं. तळाचा आकडा वीसच्या बराच वर राहू लागला की त्या हिशेबात टोळ्यांना तोड थांबवण्याचा निरोप जावा. गाडी रिकामी, फडाशेजारी उभी राहील आणि ऊस मुळावर असेल. वाहतूकदाराला त्यात खेप जादा मिळणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगावं. उसाचं वजन आणि उतारा मात्र तेवढा राखला जातो.