उत्तर माहीत नाही, पण दोनच्या आत आहे

१६८९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात याकोब बेर्नुली नावाच्या गणितज्ञाने अनंत बेरजांवर एक लॅटिन प्रबंध छापला. त्यात एक साधी दिसणारी बेरीज होती. १, २, ३, ४ असे सगळे पूर्णांक घ्यायचे, प्रत्येकाचा वर्ग करायचा, तो वर्ग छेदात टाकायचा आणि बेरीज करत राहायचं:

1 + 1/4 + 1/9 + 1/16 + 1/25 + …

या बेरजेबद्दल बेर्नुलीने दोन गोष्टी लिहिल्या. एक, ही बेरीज नक्की एका ठरावीक संख्येकडे जाते. दोन, ती संख्या कोणती हे मला सापडलेलं नाही. कुणाला सापडली तर कळवावं, मी ऋणी राहीन.

मला हा प्रबंध आवडतो तो या दोन वाक्यांमुळे. आपल्या शाळेत 'उत्तर आलं नाही' म्हणजे 'गणित सुटलं नाही'. इथे एक माणूस उत्तर न काढताच छातीठोकपणे सांगतोय की उत्तर आहे. हे त्याला कशाच्या जोरावर म्हणता आलं?

नुसतं बेरीज करत बसून हे कळत नाही, हे आधी बघू. पहिल्या पाच पदांची बेरीज १.४६ च्या आसपास येते, दहा पदांची १.५५. पुढे आकडा वाढतच राहतो, फक्त हळूहळू. पण 'हळूहळू वाढतोय' म्हणजे 'कुठेतरी थांबेल' असं नाही. याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे वर्ग न करता केलेली बेरीज: १ + १/२ + १/३ + १/४ आणि पुढे. हिचीही पदं लहान लहान होत शून्याकडे जातात, हिचाही आकडा कासवाच्या गतीने वाढतो. पण ती कुठेच थांबत नाही.

हे दाखवलं चौदाव्या शतकात, फ्रान्समधल्या निकोल ओरेम याने, आणि तेही बेरीज न काढता. त्याची युक्ती अशी: १/३ आणि १/४ घ्या. १/३ हा १/४ पेक्षा मोठा, म्हणून दोघांची बेरीज दोन चतुर्थांशांपेक्षा, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त. पुढची चार पदं १/५ ते १/८. प्रत्येक पद कमीत कमी १/८, म्हणून चारांची बेरीज पुन्हा अर्ध्यापेक्षा जास्त. मग पुढची आठ पदं, मग सोळा. प्रत्येक गठ्ठ्यातून किमान अर्धा मिळतो आणि गठ्ठे संपत नाहीत. म्हणून बेरीज कोणत्याही आकड्याच्या पुढे जाते.

ओरेमने प्रत्येक पद खालून दाबलं: 'निदान एवढं तरी आहेच.' बेर्नुलीला उलट हवं होतं: 'काही झालं तरी याच्यापेक्षा जास्त नाही.' अपूर्णांकाच्या बाबतीत त्याचा नियम सोपा आहे. छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो. म्हणजे वर्गाच्या जागी त्याहून लहान, पण हाताळायला सोपी संख्या छेदात ठेवायची. प्रश्न एवढाच की कोणती?

ती संख्या त्या काळच्या गणितज्ञांच्या ओळखीची होती. १, ३, ६, १०, १५ या त्रिकोणी संख्या. १ मध्ये २ मिळवा, मग ३, मग ४, की या मिळतात. १६७२ मध्ये पॅरिसमध्ये हायगेन्सने तरुण लायब्निझला त्यांच्या व्यस्तांची बेरीज विचारली होती, आणि लायब्निझने ती काढली होती. त्याच्याही आधी इटलीत मेंगोलीने ती काढली होती. उत्तर होतं बरोबर २. कारण n-व्या पदाचे दोन तुकडे पडतात:

2/(n(n+1)) = 2/n − 2/(n+1)

आता ही पदं एकाखाली एक लिहून बघा. पहिलं पद २ वजा १. दुसरं १ वजा २/३. तिसरं २/३ वजा २/४. प्रत्येक पदातली वजाबाकी पुढच्या पदाची सुरुवात खाऊन टाकते. कितीही पदं घेतली तरी मधलं सगळं उडून जातं, उरतं २ वजा एक छोटा अपूर्णांक, आणि तो अपूर्णांक शून्याकडे जातो.

बेर्नुलीने या दोन बेरजा शेजारी ठेवल्या. ४ हा ३ पेक्षा मोठा, ९ हा ६ पेक्षा, १६ हा १० पेक्षा. म्हणून १/४ हा १/३ पेक्षा लहान, १/९ हा १/६ पेक्षा, १/१६ हा १/१० पेक्षा. पहिलं पद दोन्हीकडे १. म्हणजे वर्गांची बेरीज पदोपदी दुसरीच्या खाली राहते. दुसरी २ च्या पुढे जात नाही, तर पहिली कुठून जाणार? झालं. ना दशांश चिन्ह, ना लांबलचक आकडेमोड.

इथे अंदाज कोणता निवडायचा हे महत्त्वाचं ठरतं. '१/n² हा १/n पेक्षा लहान आहे' हेही खरंच आहे. पण ते निरुपयोगी आहे, कारण १/n ची बेरीज अनंतात जाते, आणि अनंतापेक्षा लहान असणं ही काही बातमी नव्हे. वरून बांधायचं तर झाकण स्वतः मर्यादित हवं. खालून बांधायचं तर उलट. दिशा चुकली की असमानता खरी राहते, पण तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही. अशी सिद्धता वाचताना मी आधी हेच तपासतो: बाण कुठल्या दिशेला आहे आणि झाकणाला स्वतःची मर्यादा आहे का?

हीच युक्ती थोडी घट्ट केली तर उत्तराच्या बरंच जवळ जाता येतं. पहिली दहा पदं प्रत्यक्ष मिळवा: १.५४९७६८. उरलेल्या सगळ्या पदांचं काय? त्यांना दोन्हीकडून बांधू. १/n² हा 1/(n(n+1)) पेक्षा मोठा आणि 1/((n−1)n) पेक्षा लहान. दोन्ही बेरजा वरच्यासारख्याच उडून जातात आणि कळतं की उरलेली अनंत शेपटी १/११ आणि १/१० यांच्यामध्ये आहे. म्हणजे पूर्ण बेरीज १.६४०६ आणि १.६४९८ यांच्या मध्ये कुठेतरी. आता छेदातून फक्त पाव वजा करू:

1/(n² − 1/4) = 1/(n − 1/2) − 1/(n + 1/2)

हेही तसंच उडतं, आणि शेपटी १/१०.५ पेक्षा लहान असल्याचं कळतं. नवं झाकण: सुमारे १.६४५०. पदं तीच दहा, फक्त अंदाज शहाणा.

हे केलं नाही तर काय होतं? N पदांनंतरची शेपटी साधारण १/N एवढी असते. सहा दशांश स्थळांपर्यंत उत्तर हवं असेल तर नुसत्या बेरजेला दहा लाखांच्या घरात पदं लागतील. टाक आणि कागद घेऊन हे कोण करणार?

बेर्नुली १७०५ मध्ये वारला. उत्तर त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. दोन वर्षांनी बाझलमध्येच लेओनहार्ड ऑयलर जन्मला, आणि पुढे याकोबचाच धाकटा भाऊ योहान याच्याकडे शिकला. ऑयलरने आधी झटपट जवळ नेणारी पद्धत शोधून बेरीज १.६४४९३४ असल्याचं काढलं, आणि १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत नेमकं उत्तर मांडलं: π चा वर्ग भागिले सहा. वर्तुळाचा π या बेरजेत येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हातारा योहान तेव्हा हळहळला की भाऊ आज हयात हवा होता.

गोष्ट इथे संपवता आली असती, पण बेर्नुलीच्या युक्तिवादात एक पायरी राहिली होती. बेरीज वाढते आणि २ च्या आत राहते, म्हणून ती कुठल्यातरी संख्येवर स्थिरावते: यातलं शेवटचं 'म्हणून' कशावरून? वाढतं राहणं गरजेचं आहे हे तर उघड आहे. १, ०, १, ०, १ ही क्रमिकाही २ च्या आत आहे आणि ती कुठेच स्थिरावत नाही. पण वाढती आणि बांधलेली असली तरी शेवटी तिथे संख्या असायला हवी ना?

आपल्याच बेरजेकडे बघा. कितीही पदं घेतली तरी मर्यादित बेरीज हा साधा अपूर्णांकच असतो. आणि ती ज्याच्याकडे जाते तो π² भागिले सहा हा अपूर्णांक नाही; π² अपरिमेय आहे. म्हणजे जगात फक्त अपूर्णांकच असते, तर ही बेरीज वाढत गेली असती, २ च्या आत राहिली असती, आणि तिला पोचायला जागाच नसती. रेषेवर त्या ठिकाणी भोक असतं.

हे भोक ज्याला खुपलं तो रिचर्ड डेडेकिंड. १८५८ मध्ये तो झुरिकमध्ये कॅल्क्युलस शिकवत होता. 'सतत वाढणारी पण मर्यादेच्या आत राहणारी राशी कुठल्यातरी मूल्याकडे जातेच' हे वर्गात सांगताना त्याला आकृतीचा आधार घ्यावा लागे, आणि ते त्याला पटेना. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला त्याला मार्ग सापडला. तारीख त्याने स्वतः नोंदवून ठेवली आहे. संख्या म्हणजे काय याची व्याख्याच त्याने अशी केली की अपूर्णांकांमधलं प्रत्येक भोक ही स्वतःच एक संख्या ठरावी. हे पुस्तक छापलं गेलं १८७२ मध्ये. बेर्नुलीच्या 'म्हणून'ला पक्का आधार मिळेपर्यंत १८३ वर्षं गेली होती.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे 'एवढं कशाला, प्रोग्रॅम चालवून बघा' असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून हा चालवून बघा. ही ओरेमची बेरीज आहे, जी कधीच थांबत नाही:

```python
import numpy as np
s = np.float32(0)
for n in range(1, 3_000_001):
    s += np.float32(1) / np.float32(n)
print(s)
```

आकडा १५.४०३६८३ वर येतो आणि तिथेच अडकतो. ३० लाखांऐवजी ५० लाख पदं घ्या, तरी हलत नाही. ३२ बिटांच्या संख्येत सुमारे सातच अंक मावतात. सुमारे २१ लाखाव्या पदानंतर नवं पद इतकं लहान असतं की मिळवल्यावर राउंडिंगमध्ये नाहीसं होतं. स्क्रीनवर बघणाऱ्याला वाटेल की बेरीज स्थिरावली. वर्गांची बेरीजही अशीच केली तर ४०९६ पदांच्या आसपास १.६४४७ वर गोठते, खऱ्या उत्तराच्या अलीकडेच. एक बेरीज खरोखर स्थिरावते, दुसरी मुळीच नाही, आणि यंत्राला दोन्ही सारख्याच दिसतात.

६४ बिट घेतले तर अडकण्याची जागा खूप पुढे जाते, पण नाहीशी होत नाही. त्या दोघींना वेगळं सांगते ती ओरेमच्या गठ्ठ्यांची अर्धी-अर्धी भर आणि बेर्नुलीच्या त्रिकोणी संख्या. ४ हा ३ पेक्षा मोठा, ९ हा ६ पेक्षा मोठा, १६ हा १० पेक्षा मोठा. एवढं कागदाच्या कोपऱ्यात मावतं.