ती बस, ते टेबल, तो मोबाइल

इंग्रजीत निर्जीव वस्तूच्या नामाला व्याकरणिक लिंग नसते. मराठीत लिंगाशिवाय वाक्यच उभे राहत नाही. म्हणून आलेल्या प्रत्येक शब्दाला ते मराठीनेच दिले. पोर्तुगीज शब्द येताना लिंग घेऊन आले, तरी मराठीने ते पाळलेच असे नाही. ‘आर्मारिउ’ तिकडे पुल्लिंगी. इकडे ईकारान्त ‘अलमारी’ झाली आणि स्त्रीलिंगी ठरली.

इंग्रजी शब्दांबाबत नेहमीचे उत्तर असे, की जवळच्या मराठी शब्दाचे लिंग लागते. मुंबईत 1926 साली मोटारबस धावू लागली. ‘गाडी’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती बस’. पण मग ट्रकही गाडीच, तो पुल्लिंगी का? कचेरी स्त्रीलिंगी, तर ‘ते ऑफिस’ कसे? अर्थाचा ओढा आहे, नियम मात्र नाही. निवाडा रूढीचाच.

ही रूढी वाक्यात दिसते ती अनेकवचनात. ‘दोन बस आल्या’, ‘दोन टेबले मोडली’, ‘दोन मोबाइल हरवले’. टेबलाला अनेकवचनी ‘ए’ लागला, म्हणजे ते ‘घर-घरे’च्या पंगतीतले नपुंसकलिंगी. मोबाइल ‘दगड’सारखा न बदलता राहिला, म्हणजे पुल्लिंगी. बसचेही रूप बदलले नाही. तिचे लिंग ‘आल्या’ या क्रियापदाने सांगितले.

पण लिंग मिळाले म्हणजे शब्द पूर्ण मराठी झाला का? त्यासाठी सामान्यरूप पाहावे. ‘वीट, विटा, विटेवर’ तशी ‘बँक, बँका, बँकेत’. ‘सायकल, सायकली, सायकलीवर’ ही ‘भिंत, भिंती, भिंतीवर’ची बहीण. टेबलही ‘टेबलावर’ होते. बस मात्र ‘बसमध्ये’, ‘बसने’ अशी कोरडीच राहिली. अनेकांनी तिला ‘बसेस’ हे इंग्रजी अनेकवचनही ठेवले. हा नुसता वयाचा प्रश्न नाही. बस शंभरीला आली, तरी आपण मोटारीत बसतो आणि बसमध्ये चढतो. मोबाइलही अजून ‘मोबाइलवर’च आहे.

म्हणून शुद्धाशुद्ध तपासताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ‘टेबलवर’ लिहिणाऱ्याचे लिंग चुकलेले नसते; त्याने सामान्यरूप टाळलेले असते. ‘माझी टेबल मोडली’ यात मात्र लिंगच बदलले आहे, आणि शेजारच्या हिंदीत टेबल बहुधा स्त्रीलिंगी चालते हे त्याचे कारण असू शकते. ‘माझी टेबल मोडले’ ही तिसरी गत. तिथे विशेषण एका लिंगाचे आणि क्रियापद दुसऱ्याचे. पहिले वाक्य खपेल, दुसऱ्यावर प्रमाणभाषा हरकत घेईल, तिसरे कोणत्याही बोलीत तुटलेलेच.

मुद्रितशोधकाची तांबडी रेघ तिन्हींवर सारखीच पडते. पहिल्यावरची पुसायला हवी. तिसऱ्यावर ती हवीच. दुसऱ्यावर मारण्याआधी ते वाक्य कोणाच्या तोंडचे आहे, एवढे विचारावे.