वेड्यात काढणे

नगरकडच्या भांडणात एक वाक्य हमखास कानावर पडतं : "मला येड्यात काढतो का?" मोडीत काढणे, निकालात काढणे यांच्याच घडणीचा हा वाक्प्रचार. वस्तू मोडीत निघाली की तिची किंमत जाते, माणूस वेड्यात निघाला की त्याच्या शब्दाची. पण असं विचारणाऱ्याला समोरच्याचा डाव कळलेला असतो, म्हणून तर तो उसळतो. डाव कळलाच नाही आणि माणूस आपणच आपल्याला वेड्यात काढू लागला तर काय म्हणायचं? तिथे आता 'गॅसलायटिंग' हा शब्द रुळला आहे.

हा शब्द रंगभूमीवरून आला. पॅट्रिक हॅमिल्टनचं 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ साली इंग्लंडमध्ये आलं आणि त्यावरच्या १९४४च्या अमेरिकन चित्रपटात बायकोची भूमिका इन्ग्रिड बर्गमनने केली. चित्रपटातला नवरा वस्तू लपवतो आणि तूच हरवल्यास म्हणून बायकोला बोल लावतो. रात्री बाहेर पडल्याचं भासवून तो वरच्या बंद मजल्यावर दागिने हुडकायला जातो. तिथे त्याने दिवा लावला की गॅस वाटला जातो आणि खाली बायकोच्या खोलीतली ज्योत मंदावते. म्हणजे मंदावणारा दिवा हा नवऱ्याचा डाव नव्हता, तो त्याच्याविरुद्धचा पुरावा होता. बायकोला तो दिसत होता, पण तोवर स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा भरवसा उडाला होता. मंदावलेली ज्योत एका पोलीस अधिकाऱ्यालाही दिसली, तेव्हा कुठे ती सावरली.

आपल्याकडे या अवस्थेच्या जवळ जाणारे दोन शब्द आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात रागातून संमोह, त्यातून स्मृतिविभ्रम आणि स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश अशी उतरंड सांगितली आहे. 'भ्रंश' म्हणजे ढळणं, गळून पडणं. 'भ्रम'च्या मुळाशी गरगर फिरणं आहे. गीतेत माणसाची स्मृती त्याच्याच रागाने बिघडते. गॅसलायटिंगमध्ये ती दुसरा कोणी बिघडवतो, आणि ती गळून पडत नाही, फिरवली जाते. आठवण जागेवर असते, तिच्यावरचा विश्वास मात्र जातो. म्हणून मला इथे 'स्मृतिभ्रंश' नव्हे, 'स्मृतिविभ्रम' हा शब्द नेमका वाटतो.

हे घडतं कसं? समजा, राहुरीकडचं एक घर. उसाचं बिल जमा झालं. बायको म्हणते, "अहो, बिल आलं की माझ्या शिवणक्लासची फी भरू, असं तुम्हीच म्हणाला होता." नवरा म्हणतो, "मी? कधी?" ती दिवस सांगते, वेळ सांगते. यावर तो म्हणतो, "तुला हल्ली काय झालंय? मनाचंच काहीतरी धरून बसतेस. परवा दूधही उतू घालवलंस." ती दुधाबद्दल खुलासा करू लागते, शेवटी माफी मागते. फीचा विषय बुडतो.

इथे व्याकरणाकडे लक्ष द्यावं. खरोखर विसरलेला माणूस "मला आठवत नाही" म्हणतो, आणि "नक्की काय म्हणालो होतो?" असं विचारतो. वेड्यात काढणारा "तुला आठवत नाही" म्हणतो. वाक्य 'मला'वरून 'तुला'वर गेलं आणि घडलेली गोष्ट बाजूला पडून तुमचं डोकं चर्चेला आलं, की सावध व्हावं. 'हल्ली', 'नेहमीच', 'तुझ्या आईसारखीच' हे शब्द याच कामाला जुंपलेले असतात. बाई नवऱ्याला असं करते, तेव्हाही खूण हीच.

मात्र एका भांडणावरून हा शिक्का मारू नये. एकच बोलणं दोघांना प्रामाणिकपणे वेगळं आठवू शकतं, कारण आठवताना मन प्रसंगाची नव्याने जुळणी करतं. हेच वळण पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी एकाच्याच सोयीने येत असेल, तर तो विसर नव्हे. बोलणं झाल्यावर लगेच तारीख घालून दोन ओळी लिहून ठेवाव्यात. त्या पुढच्या भांडणात फेकायला नव्हेत, स्वतः वाचायला. विश्वासाच्या एका माणसाला त्या दाखवाव्यात. घरात धाक असेल तर वही घराबाहेर ठेवावी.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात 'गॅसलायटिंग' हा शब्द नाही. पण शाब्दिक आणि भावनिक छळ ही त्यात हिंसाच मानली आहे. त्यासाठी अंगावर वळ दाखवावे लागत नाहीत. महिलांना १८१ या हेल्पलाइनवर किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तिथे जाताना ती तारखांची वही सोबत न्या.