अनुदान-प्रस्तावाचे सादरीकरण आणि कंपनी कायद्याचे कलम १३५

सेवाभावी संस्थेने एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व समितीपुढे मांडावयाचे अनुदान-प्रस्तावाचे सादरीकरण हा लेखनप्रकार अगदी अलीकडचा आहे. दहा-बारा स्लाइडांचे हे साहित्य इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही, आणि पडले तरी ते जाहिरातीच्या वर्गात टाकून दिले जाते. परंतु विसाव्या शतकातील देणगीच्या विनंतीपत्राशी त्याची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. विनंतीपत्र दात्याच्या मनाला उद्देशून लिहिलेले असे. हे सादरीकरण कायद्याच्या कलमांना उद्देशून लिहिलेले असते. बाह्यतः त्याची भाषा आवाहनाची असली, तरी त्याची अंतर्रचना हिशेबाची आहे.

हा पालट कसा घडला हे पाहावयाचे तर कंपनी कायद्याकडेच वळले पाहिजे. भागधारकांचा पैसा संचालकांनी धर्मादायात घालावा की नाही, याविषयी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी न्यायालये साशंक होती. ज्या खर्चातून कंपनीचे हित साधत नाही तो खर्च संचालकांनी करू नये, असे त्यांचे साधारण धोरण होते. आपल्या १९५६ च्या कंपनी कायद्यातील कलम २९३ मध्ये याच शंकेची छाया दिसते. कंपनीच्या व्यवसायाशी वा नोकरांच्या कल्याणाशी थेट संबंध नसलेल्या धर्मादाय निधीस संचालक मंडळ देणगी देऊ शके; पण एका वर्षातील अशी एकूण रक्कम कायद्याने ठरविलेल्या आकड्यापलीकडे, किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपलीकडे, या दोहोंपैकी जी मर्यादा अधिक असेल तिच्यापलीकडे जात असल्यास, सर्वसाधारण सभेची संमती आवश्यक होती. म्हणजे कायद्याने दानाला कमाल मर्यादा घातली होती.

२०१३ च्या कायद्याने किमान मर्यादा घातली. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणत्याही एका मर्यादेस पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अनुसूची ७ मधील कार्यांवर खर्च करावी, असे कलम १३५ ने ठरविले. हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. तीन वर्षांची सरासरी दोन्ही कायद्यांत तीच आहे. एका कायद्यात ती लगाम म्हणून आली, दुसऱ्यात कर्तव्याचे माप म्हणून. आरंभी खर्च न झाल्यास संचालकांच्या अहवालात कारण नमूद करणे पुरे होत असे. २२ जानेवारी २०२१ पासून मात्र न खर्चलेली रक्कम ठरल्या मुदतीत ठरल्या खात्यात वा निधीत वर्ग करणे बंधनकारक झाले. सादरीकरणाचे आजचे स्वरूप मुख्यत्वे या दुसऱ्या टप्प्यात घडलेले आहे.

२०२१ च्या नियमांप्रमाणे समितीने वार्षिक कृतियोजना तयार करावयाची असते. तीत प्रकल्पांची यादी, अंमलबजावणीची रीत, निधीच्या विनियोगाची पद्धत व वेळापत्रक, देखरेखीची व्यवस्था आणि गरजेच्या व परिणामाच्या मूल्यमापनाचा तपशील असावा लागतो. एखादे सादरीकरण या यादीशेजारी ठेवून वाचावे. ‘समस्या’ या मथळ्याची स्लाइड म्हणजे गरजेचे मूल्यमापन, ‘आमची पद्धती’ म्हणजे अंमलबजावणीची रीत, ‘टप्पे’ म्हणजे वेळापत्रक, आणि ‘अपेक्षित फलित’ म्हणजे परिणाम. संस्थेचा परिचय देणाऱ्या स्लाइडवर नोंदणी क्रमांकांची जी रांग असते, तीही सजावट नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेस कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ या प्रपत्राने नोंदणी करावी लागते, आणि बाहेरच्या संस्थेस तत्सम कार्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. सादरीकरण प्रथम पाहतो तो कंपनीतील या विभागाचा अधिकारी. तो त्यातून समितीसाठी टिपण तयार करतो. जी स्लाइड टिपणात उतरत नाही ती समितीपुढे जवळजवळ अस्तित्वातच नसते.

या रचनेचे परिणाम एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यातील व्यवहार नित्याचा आहे. सोलापूर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील एका तालुक्यात चार पाझर तलावांतील ६०,००० घनमीटर गाळ काढावयाचा आहे. गाळ शेतकरी आपल्या खर्चाने वाहून नेतील. यंत्राचे भाडे व डिझेल कंपनीने द्यावे. अनुसूची ७ मध्ये नैसर्गिक संपत्तीचे रक्षण आणि माती व पाणी यांची गुणवत्ता राखणे याविषयीची जी बाब आहे, तीत हे काम बसते. घनमीटरास ३५ रुपये धरल्यास यंत्रकामास २१ लाख रुपये लागतात. देखरेख करणारा अभियंता व दोन कार्यकर्ते यांचे ३ लाख ६० हजार, कामापूर्वीच्या व नंतरच्या मोजणीचे १ लाख, गावसभांचे ४० हजार. एकूण २६ लाख.

आता कामाचा हंगाम पाहा. एक यंत्र तासाला ६० घनमीटर या गतीने दहा तास चालले तर दिवसाला ६०० घनमीटर गाळ निघतो. दोन यंत्रांना या कामासाठी ५० दिवस हवेत. तलाव आटतो, रब्बीची पिके निघतात आणि शेते गाळ पसरण्यास मोकळी होतात ती एप्रिलच्या मध्याच्या सुमारास. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर पावसाचा भरवसा नसतो. म्हणजे मिळणारे दिवस जेमतेम पन्नासच. पण कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते. डिसेंबरात सादरीकरण, जानेवारीत समितीची मान्यता आणि फेब्रुवारीअखेर पहिला हप्ता, असा क्रम धरला तर वर्षअखेरीस मोजणी व गावसभा एवढेच काम झालेले असते. रक्कम संस्थेच्या खात्यात गेली म्हणून ती खर्च झाली असे मानले जात नाही. तिचा विनियोग व्हावा लागतो, आणि कंपनीच्या वित्तप्रमुखास तसे प्रमाणित करावे लागते.

यावर कायद्यातच उपाय आहे. प्रकल्प एका वर्षापलीकडे चालणारा म्हणून प्रथमपासून मंजूर झाला असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत एका स्वतंत्र खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. तसा तो मंजूर नसेल, तर कंपनीने ती रक्कम सहा महिन्यांच्या आत अनुसूची ७ मधील एखाद्या निधीत भरावयाची असते. तलावापुरता तो पैसा संपला. दोहोंतील फरक वेळापत्रकाच्या स्लाइडवरील एका ओळीचा आहे. ही ओळ अनेकदा नसते, कारण ‘तीन महिन्यांत काम पूर्ण’ हे वाक्य ऐकावयास अधिक बरे वाटते. मग मार्चपूर्वीच काम उरकण्याची घाई सुरू होते. पाणी असलेला मधला भाग सोडून कोरड्या काठावर यंत्र लावले जाते, आणि तेथे गाळाचा थर पातळ असल्याने यंत्र खालच्या मुरुमात शिरते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मुरूम शेतकरी नेत नाहीत. काठावर ढीग पडून राहिले असतील तर मापात धरलेला तो माल गाळ नव्हता असे समजावे. पहिल्या मोठ्या पावसात त्यातील बराच भाग पुन्हा तलावात उतरतो.

फलिताच्या स्लाइडवरील आकडेही असेच तपासून घ्यावे लागतात. ६०,००० घनमीटर म्हणजे ६ कोटी लिटर, हा गुणाकार बरोबर आहे. पण ‘६ कोटी लिटर पाणी निर्माण’ असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा वाढलेली साठवणक्षमता आणि प्रत्यक्ष साठलेले पाणी यांतील भेद पुसला जातो. शिवाय घनमीटर मोजले कशाने, हेही विचारले पाहिजे. खणलेला गाळ मोकळा होऊन फुगतो. ट्रॉलीच्या खेपा मोजून काढलेले माप तलावातील खड्ड्याच्या मापापेक्षा चतुर्थांशाने वा त्याहूनही अधिक भरू शकते. म्हणून कामापूर्वीच्या व नंतरच्या मोजणीसाठी ठेवलेले १ लाख रुपये हाच या अंदाजपत्रकातील सर्वांत मोलाचा खर्च होय. आणि काटछाट करताना पहिली कात्री बहुधा त्यालाच लागते!

कात्री लागण्याचे मूळ दुसऱ्या एका प्रश्नात आहे. संस्थेला कार्यालयाचे भाडे, हिशेबनीस, लेखापरीक्षण यांसाठी प्रकल्पखर्चाच्या १५ टक्के, म्हणजे ३ लाख ९० हजार रुपये हवेत असे समजू. अधिकारी सांगतो की नियमाने ५ टक्केच देता येतात, म्हणजे १ लाख ३० हजार. २ लाख ६० हजारांची ही तूट ज्या नियमाच्या आधाराने उभी केली जाते, तो नियम काळजीपूर्वक वाचण्याजोगा आहे. २०२१ च्या नियमांतील ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सामाजिक दायित्व विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर करावयाच्या खर्चाला आहे, आणि तीही कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण दायित्वखर्चाच्या प्रमाणात. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख व मूल्यमापन यांचा खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन-खर्च या मर्यादेत मोडत नाही. तरीही समज रूढ झाला आहे, आणि संस्था त्याच्याशी वाद घालण्याऐवजी आकडे फिरवितात. हिशेबनिसाचा पगार ‘लोकजागृती’त जातो, भाडे ‘प्रशिक्षणा’त. म्हणून एखाद्या सादरीकरणात गावसभांना ४० हजारांऐवजी ३ लाख दिसले, तर त्या गावात सभा फार झाल्या असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. येथे दोष एकट्या संस्थेचा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ज्या कागदात खरा खर्च लिहिण्यास जागा नाही, तो कागद खोटा खर्च लिहिण्यास शिकवितो.

स्लाइड या माध्यमाचा या साऱ्यात किती वाटा आहे, हा प्रश्न विचारला जातो. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आले. कलम १३५ त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने आले. माध्यमाने वाक्ये तोकडी केली हे खरे. परंतु काय सांगावयाचे आणि काय गाळावयाचे हे कलमांनी ठरविले. तलावाच्या पाण्यावरून दोन वस्त्यांत वाद आहे, वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला गाळ नको आहे, मागील वर्षी यंत्रमालकाने मध्येच काम सोडले, असल्या गोष्टी जुन्या विनंतीपत्रात कधीकधी येत, कारण तेथे दाता व याचक यांची ओळख असे. कृतियोजनेच्या रकान्यांत त्यांना स्थान नाही.

संशोधकांपुढे एक व्यावहारिक अडचण आहे. कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या पुरवणीत अनेकदा प्रकल्पाचे नाव, अनुसूचीतील बाब, जिल्हा, रक्कम आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक एवढी एक ओळ तेवढी उरते. समितीची इतिवृत्ते बाहेरच्यास पाहावयास मिळत नाहीत, आणि सादरीकरणे संस्थांच्या संगणकांवर एकावर एक जतन होत असल्याने मागील वर्षाची प्रत बहुधा पुढील वर्षाच्या प्रतीखाली नाहीशी झालेली असते. जेथे नामंजूर झालेली प्रत आणि मंजूर झालेली प्रत अशा दोन्ही हाती लागतील, तेथे प्रथम अंदाजपत्रकाच्या स्लाइडा शेजारी ठेवाव्यात आणि मोजणीचे १ लाख रुपये दुसऱ्या प्रतीत आहेत की नाहीत ते पाहावे.