तळटीप : ‘टी-गुण ६०, स्टॅनाइन ७’

व्यवसाय मार्गदर्शन केंद्रांत अभिक्षमता चाचण्या होतात. वरचे आकडे तिथल्या निकालपत्रकातले. समजा, परळच्या एका मुलाला भाषिक चाचणीत ३६ आणि अंकगणिती चाचणीत २८ कच्चे गुण मिळाले. भाषेत तो पुढे दिसतो. पण तुलनागटाची भाषेतली सरासरी ४० आणि अंकगणितातली २० आहे. प्रमाण विचलन दोन्हीकडे ८. सरासरीपासूनच्या अंतराला विचलनाने भागायचे, १० ने गुणून ५० मिळवायचे, की टी-गुण हाती येतो : भाषेत ४५, अंकगणितात ६०. चित्र उलटलेच! स्टॅनाइन हीच पट्टी नऊ खणांत मांडते. इथे ४ आणि ७. मधल्या पाचव्या खणात २० टक्के मुले, दोन्ही टोकांना जेमतेम ४-४. मात्र खण ढोबळ असतात. टी-गुण ५२ पाचव्यात पडतो, ५३ सहाव्यात. तेवढ्या फरकावर शाखा ठरवणे निव्वळ अडाणीपणा. शिवाय सारा हिशेब तुलनागटावर उभा. गिरगावातल्या मराठी माध्यमाच्या मुलीची भाषिक चाचणी इंग्रजी माध्यमाच्या गटाशी ताडली, तर आकडा बिनचूक येईल, अर्थ चुकेल. वाचकाने पत्रकात आधी तुलनागट कोणता ते पाहावे.